गोळी सांध्याची, तपासणी डोळ्याची

गेल्या वर्षावासात आम्ही कारंजा (लाड) येथे एका नातेवाईकाकडे मुक्कामाला होतो. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालू होते. वाचणाऱ्या बाई पन्नाशीच्या आतल्या, आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ. पण एक ओळ संपली की दुसरी ओळ सापडेना. बोट ठेवून त्या पानावर चाचपडत, कधी तीच ओळ पुन्हा वाचत, कधी मधली ओळ सुटून जाई. शेवटी त्यांनी ग्रंथ शेजारच्या मुलीकडे दिला. "तूच वाच वं पोरी," म्हणाल्या.

वाचन आटोपल्यावर आम्ही त्यांच्याशी बोलत बसलो. सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणते, म्हणून आम्हीही मावशीच म्हणू. त्यांचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. मावशींनी सांगितले, "अक्षर तं मले चांगलं दिसते. सुईत दोरा ओवतो मी. सुपातला खडा दिसते. पन बाजूले ठेवलेली वाटी दिसत नाही, अन् मंग हात लागून सांडते. सून म्हनते, सासूबाईचं ध्यान नसते."

डोळे तपासले का, असे आम्ही विचारले. तपासले होते. दोन वेळा. गावात नेत्रशिबिर भरले तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यावरची खालची ओळसुद्धा त्यांनी चष्म्याने वाचून दाखवली. शिबिरातल्या माणसाने सांगितले की नजर सहा बाय सहा आहे, मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाबरण्यासारखे काही नाही. मावशींना कोणत्या गोळ्या चालू आहेत हे त्याने विचारले नाही आणि मावशींनीही सांगितले नाही. सांधे दुखतात म्हणून घेतलेल्या गोळीचा डोळ्याशी काही संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यात यावे तरी कसे?

मावशींना आमवात आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. २०१२ च्या पावसाळ्यात हातांची बोटे सुजली, सकाळी मूठ वळेना, कापूस वेचायला जाणे बंद झाले. तेव्हा मोठ्या गावच्या एका डॉक्टरांनी दोन औषधे लिहून दिली. एक आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी. दुसरी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, म्हणजेच एच.सी.क्यू., दोनशे मिलिग्रॅमची, सकाळी एक आणि रात्री एक. चार महिन्यांत बोटे वळू लागली. मावशी पुन्हा कामाला लागल्या, पुढे बाजार समितीत धान्य चाळण्याचे काम धरले. गुण आला म्हटल्यावर त्या डॉक्टरांकडे जाणे हळूहळू थांबले. भाडे परवडत नव्हते आणि एक दिवसाची मजुरी बुडत होती. मेथोट्रेक्सेट बंद पडले. एच.सी.क्यू. मात्र चालू राहिली, कारण ती मेडिकलमध्ये जुन्या चिठ्ठीवर मिळत होती. ती चिठ्ठी घडीवर घडी पडून इतकी फाटली की तिला मागून कागद चिकटवला होता. आम्ही ती पाहिली. तारीख २०१२ ची होती.

तेरा वर्षे, रोज दोन गोळ्या. आम्ही तिथेच कागदावर हिशेब केला. दिवसाला चारशे मिलिग्रॅम म्हणजे वर्षाला १४६ ग्रॅम, तेरा वर्षांत जवळजवळ एक किलो नऊशे ग्रॅम औषध मावशींच्या पोटात गेले होते.

आता या गोळीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मूळची ही हिवतापाच्या औषधांच्या कुळातली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना हिवतापावर मेपॅक्रीन नावाचे औषध देत असत. त्याच औषधाने ल्यूपस या आजारातले अंगावरचे चट्टे कमी होतात, असे इंग्लंडमधील पेज नावाच्या डॉक्टरने १९५१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले. त्यानंतर क्लोरोक्वीन आणि पुढे तिच्यापेक्षा सौम्य अशी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही औषधे ल्यूपस व आमवातात वापरात आली. आणि १९५९ सालीच त्याच 'लॅन्सेट'मध्ये, क्लोरोक्वीन दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या डोळ्याच्या पडद्याला इजा होते, अशी नोंद प्रसिद्ध झाली. म्हणजे डोळ्याचा धोका नवा नाही. डॉक्टरांना तो साठ-पासष्ट वर्षांपासून माहीत आहे. रुग्णाच्या घरापर्यंत मात्र तो पोचत नाही.

आपल्या वाचकांना हे नाव बहुधा २०२० साली प्रथम कळले असेल. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, आरोग्य कर्मचाऱ्यांनी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यावी, असा सल्ला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिला आणि देशभर ती दुकानांतून नाहीशी झाली. ल्यूपस आणि आमवाताचे रुग्ण मेडिकलच्या पायऱ्या झिजवत होते. मावशींनीही तेव्हा दीड महिना गोळीविना काढला आणि बोटे पुन्हा सुजली. जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत ही गोळी करोनावर निरुपयोगी ठरली आणि बाजार थंडावला. त्या वेळी ज्यांनी काही आठवडे आठवड्याची एक मात्रा घेतली, त्यांनी डोळ्याची धास्ती धरण्याचे कारण नाही. हा धोका आठवड्यांचा नाही, वर्षांचा आहे.

इजा होते ती कशी? डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याच्या पाठीशी काळसर रंगद्रव्याचा एक थर असतो. हे औषध त्या थरातल्या रंगद्रव्याला चिकटून बसते आणि तिथून सहजासहजी जात नाही. कमी मात्रेत, काही वर्षे, डोळा ते सहन करतो. मात्रा जास्त झाली किंवा वर्षे फार झाली, तर तो थर आणि त्याच्यावर पोसलेल्या नजरेच्या पेशी हळूहळू मरू लागतात. मेलेली पेशी परत येत नाही. चष्म्याने, थेंबांनी, ऑपरेशनने यावर इलाज होत नाही. औषध बंद केले तरी ते अंगातून निघायला महिने लागतात, त्यामुळे इजा पुढे गेलेली असेल तर बंद केल्यावरही काही काळ ती वाढत राहते. अगदी आरंभी पकडली तर मात्र तिथेच थांबण्याची शक्यता चांगली असते. सगळा खेळ आरंभी पकडण्याचा आहे, आणि आरंभी रुग्णाला काही म्हणजे काही जाणवत नाही.

पुष्कळ पुस्तकांत असे लिहिलेले असते की ही इजा नजरेच्या अगदी मध्याभोवती कड्यासारखी होते. गोऱ्या लोकांत ती बहुधा तशीच होते. त्यांना वाचताना अक्षरे गळाल्यासारखी वाटतात. पण अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०१५ च्या सुमारास वेगवेगळ्या वंशाच्या रुग्णांचे पडदे तपासले, तेव्हा असे दिसले की आशियाई वंशाच्या लोकांत ही इजा पुष्कळदा मध्यापासून जरा दूर, बाहेरच्या कड्यात सुरू होते. मधली नजर शाबूत राहते. म्हणून तक्ता वाचता येतो, सुईत दोरा जातो, सुपातला खडा दिसतो. बाजूची वाटी दिसत नाही, ओळीच्या टोकावरून पुढच्या ओळीवर उडी मारता येत नाही. मावशी आम्हाला जे सांगत होत्या ते नेमके हेच होते आणि घरचे त्याला ध्यान नसणे म्हणत होते. सहा बाय सहा हा शेरा त्यांच्या बाबतीत खरा होता. फक्त त्यातून पडद्याचे काहीच कळत नव्हते.

आम्ही मावशींना आणि त्यांच्या मुलाला घेऊन मोठ्या शहरात एका नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात पाहण्याअगोदर तीन गोष्टी विचारल्या: किती वर्षे घेता, रोज किती घेता आणि वजन किती? पहिल्या दोन गोष्टी फाटक्या चिठ्ठीवर होत्या. वजन मावशींना ठाऊक नव्हते. बाहेरच्या काट्यावर उभे केले. चाळीस किलो. २०१२ च्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात ४६ लिहिलेले होते. आजारात आणि कष्टात सहा किलो वजन झडले होते, गोळ्या तेवढ्याच होत्या.

डॉक्टरांनी मुलाला पेन दिले आणि म्हणाले, "चारशेला चाळीसने भाग." दहा आले. म्हणजे दर किलो वजनामागे रोज दहा मिलिग्रॅम. मान्य मर्यादा पाच मिलिग्रॅमची आहे आणि ती खऱ्या वजनावर मोजायची असते. २०१६ साली अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने ही मर्यादा ठरवली आणि आता बहुतेक ठिकाणी तीच धरतात. त्याआधीचा हिशेब निराळा होता आणि दिवसाला चारशेपर्यंत चालते, असे सर्रास धरले जाई. त्यामुळे २०१२ साली चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी काही जगावेगळे केले असे आम्ही म्हणणार नाही. पण पाचच्या हिशेबाने पाहा: रोज चारशे मिलिग्रॅम बसते ते ऐंशी किलोच्या माणसाला. कापूस वेचणाऱ्या, धान्य चाळणाऱ्या आपल्या आयाबहिणींपैकी ऐंशी किलोच्या किती निघतील? चाळीस किलोच्या बाईला एकच गोळी पुरते. पन्नास किलोला अडीचशे होतात. तेवढी गोळी हाताशी नसली तर डॉक्टर तीन दिवस एक आणि चौथ्या दिवशी दोन अशी मांडणी करून देतात; औषध अंगात बराच काळ टिकत असल्याने सरासरी जमली की चालते. ही मांडणी डॉक्टरांनी करून द्यायची असते, घरी बसून गोळ्या कमी-जास्त करायच्या नसतात.

मात्रेने किती फरक पडतो, याचा अमेरिकेतल्या कैसर पर्मनेन्टे या आरोग्यसंस्थेच्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तीन हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते आणि सगळे पाच वर्षांहून अधिक काळ ही गोळी घेणारे होते. पंधरा वर्षांनंतर, दर किलोमागे पाच किंवा त्याहून कमी घेणाऱ्या शंभर जणांत तिघांच्याही पडद्याला इजा झालेली नव्हती. सहाहून जास्त घेणाऱ्या शंभरात मात्र एकवीस-बावीस जणांना झाली होती. मावशींचा हिशेब पहिल्या दिवसापासून साडेआठच्या वर होता.

वजनाशिवाय आणखी एका गोष्टीची डॉक्टरांनी चौकशी केली, ती मूत्रपिंडाची. हे औषध बऱ्याच अंशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मंदावले की तीच गोळी अंगात साचू लागते आणि एका गोळीचे काम दीड-दोन गोळ्यांसारखे होते. रक्तातील क्रिएटिनीन पाहिले की हे कळते. ल्यूपसमध्ये मूत्रपिंडाला सूज येण्याची भीती असतेच, त्यामुळे ल्यूपसच्या रुग्णाने हे विसरून चालत नाही. मावशींचे क्रिएटिनीन ठीक निघाले. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईलाही धोका वाढतो. आपल्या देशात २०१४ पासून मधुमेहाच्या काही रुग्णांनाही ही गोळी देतात. त्यांचा पडदा आणि मूत्रपिंड आधीच मधुमेहाने नाजूक झालेले असू शकतात, तेव्हा ज्यांच्या घरी साखरेसाठी ही गोळी येते त्यांनीही हे आपल्यासाठीच लिहिले आहे असे समजावे.

मग तपासणी. दोन यंत्रे महत्त्वाची, एकाने भागत नाही.

पहिले ओ.सी.टी. हनुवटी टेकवून बसायचे, आतल्या खुणेकडे पाहायचे आणि पापणी न लववता थोडा वेळ थांबायचे. डोळ्याला काही लागत नाही, दुखत नाही. यंत्र पडद्याचा उभा छेद घेतल्यासारखे चित्र काढते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर त्यात दिसतात. चांगल्या डोळ्यात एक ठळक रेघ अखंड असते. इजा झाली असेल तिथे ती तुटते आणि थर पातळ होतो. मावशींच्या पहिल्या चित्रात मध्यभाग चांगला दिसला. तपासनिसाने तेवढ्यावर नॉर्मल लिहिले होते. डॉक्टरांनी कागद परत पाठवला आणि बाहेरच्या भागापर्यंत रुंद चित्र घ्यायला सांगितले. त्यात खालच्या बाजूला रेघ तुटलेली होती, दोन्ही डोळ्यांत, साधारण सारख्याच जागी. आम्हालाही ती दिसली. एकदा दाखवल्यावर कोणालाही दिसावी अशी.

दुसरी तपासणी नजरेच्या क्षेत्राची, तिला सगळे फील्ड टेस्ट म्हणतात. अंधाऱ्या खोलीत एक डोळा झाकून अर्ध्या मडक्यासारख्या भांड्यात पाहत बसायचे. मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि आजूबाजूला बारीक ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. यात रुग्णाची कसोटी असते. मावशी पहाटेच्या एस.टी.ने आलेल्या, उपाशी, घाबरलेल्या. ठिपका शोधायला डोळा सगळीकडे फिरवत होत्या. कागद आला तो भरवशाचा नाही, असे यंत्रानेच लिहून दिले. दुपारी जेवून, थोडे पडून, मुलाने समजावून सांगितल्यावर पुन्हा केली. "दिसलं नाही तं नाही दाबाचं, त्याच्यात तुही चूक नाही माय," एवढे वाक्य त्याने सांगितले आणि काम झाले. बऱ्याच बायांना वाटते की ही परीक्षा आहे, बटण कमी दाबले तर नापास होऊ. न दिसलेला ठिपका हीच डॉक्टरांना हवी असलेली माहिती असते.

इथेही मोजमापाचा प्रश्न येतो. या तपासणीचे लहान आणि मोठे असे प्रकार आहेत. कागदाच्या वरच्या बाजूला १०-२ लिहिलेले असेल तर ती मध्याभोवतालची लहान तपासणी. २४-२ किंवा ३०-२ असेल तर रुंद. आपल्याकडच्या रुग्णांत इजा बाहेरच्या कड्यात होऊ शकते, म्हणून लहान तपासणी चांगली आली तरी रुंद करून घ्यावी लागते. मावशींची लहान तपासणी जवळजवळ स्वच्छ होती. रुंद तपासणीत नजरेच्या वरच्या बाजूला काळ्या चौकटींची कमान उमटली. पडदा खाली बिघडला की नजर वर जाते, कारण डोळ्यात चित्र उलटे पडते. ओ.सी.टी.तली तुटकी रेघ आणि फील्डमधली काळी कमान एकमेकांना बरोबर जुळली. दोन निरनिराळी यंत्रे एकच गोष्ट सांगू लागली की निदान पक्के होते. एकाच कागदावर, तोही अर्धवट केलेला, गोळी बंद करायची नसते. डोळ्यात थेंब टाकून नुसते बिजागरीच्या बॅटरीने आत पाहणे किंवा रंग ओळखायला लावणे, यावर या औषधासाठी विसंबता येत नाही. त्यांत दिसते तोवर उशीर झालेला असतो. थेंब टाकणार असतील तर फील्ड आधी करून घ्यावी आणि सोबत माणूस असावा, कारण थेंबांनंतर काही तास धूसर दिसते.

मावशींची गोळी बंद झाली. पण ती डोळ्याच्या डॉक्टरांनी परस्पर बंद केली नाही. त्यांनी सांधेविकाराच्या डॉक्टरांना फोन केला आणि मेथोट्रेक्सेट पुन्हा कसे सुरू करायचे, रक्ततपासण्या कोणत्या, हे ठरल्यावरच चिठ्ठी लिहिली. गेलेली नजर येणार नाही, हे त्यांनी मावशींना स्पष्ट सांगितले. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग विचारले, "मधातलं तं राहीन ना? मले वाचता आलं पाहिजे." डॉक्टर म्हणाले, राहण्याची आशा आहे, पण वर्षभर लक्ष ठेवावे लागेल.

इथे ही हकीकत संपली असती. पण कारंज्यात परतल्यावर वस्तीत बातमी पसरली ती अशी की त्या गोळीने माणूस आंधळा होतो. मावशींची एक भाची आहे, चोवीस वर्षांची. तिला ल्यूपस आहे. तीन वर्षांपूर्वी गालांवर चट्टे, ताप, सांधेदुखी आणि केस गळणे यांतून निदान झाले. तिला तीच गोळी चालू होती. तिने कोणाला न विचारता गोळ्या चुलीत टाकल्या.

अडीच महिन्यांनी तिचे पाय सुजले. लघवीला फेस येऊ लागला. तपासणीत लघवीतून प्रथिने जात असल्याचे निघाले, म्हणजे ल्यूपस उठून मूत्रपिंडावर आला होता. तिला दवाखान्यात ठेवावे लागले आणि स्टिरॉइडची मोठी मात्रा द्यावी लागली. बरी असलेली ल्यूपसची रुग्ण ही गोळी सोडते तेव्हा आजार उसळण्याचा धोका किती वाढतो, हे कॅनडातील डॉक्टरांनी १९९१ साली तपासून पाहिले होते. गोळी चालू ठेवणाऱ्यांच्या मानाने तो अडीच पट होता. ल्यूपसमध्ये ही गोळी आजार दाबून ठेवते, मूत्रपिंड सांभाळते आणि गरोदरपणातही सहसा चालूच ठेवतात. भाचीचा हिशेब तर अगदी रास्त होता: वजन ४८ किलो, रोज एक गोळी, दर किलोमागे चारच्या थोडे वर. वर्षे तीन. अशा रुग्णाच्या डोळ्याला पहिल्या पाच वर्षांत धोका फार थोडा असतो. मावशीच्या गोळीची भीती तिने आपल्या गोळीला लावली.

आम्हालाही इथे अपराधी वाटले. मावशींना घेऊन जाताना आम्ही घरातल्या बाकीच्यांना काही समजावले नव्हते. ज्या घरात, ज्या वस्तीत ही गोळी दोघींना चालू आहे, तिथे एकीचे सांगताना दुसरीचेही सांगायला हवे होते.

भाचीची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. मूत्रपिंडाला सूज येऊन गेल्यामुळे तिचे वेळापत्रक आता बदलले. ज्याला दुसरा कोणता धोका नाही त्याने गोळी सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत एकदा पडदा तपासून घ्यावा, म्हणजे आधीपासून काही दोष असला तर कळतो आणि पुढे तुलना करता येते. मग पाच वर्षे पूर्ण झाली की दरवर्षी ओ.सी.टी. आणि फील्ड. मात्रा जास्त असेल, मूत्रपिंड मंद असेल, टॅमॉक्सिफेन चालू असेल किंवा पडद्याचा आधीचा आजार असेल, तर पाच वर्षे थांबायचे नाही. पहिल्या वर्षापासूनच दरवर्षी. भाची आता या दुसऱ्या गटात आली.

तपासणीसाठी कारंज्याहून अकोला किंवा यवतमाळ येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात विचारावे. नागपूर आणि सेवाग्राम लांब पडतात, पण तिथेही मोठे विभाग आहेत. जाण्यापूर्वी दोन्ही यंत्रे चालू आहेत का आणि तारीख मिळेल का, हे कोणाकडून तरी विचारून घ्यावे, नाही तर भाडे आणि मजुरी दोन्ही वाया. खिडकीवर नुसते 'डोळे तपासायचे' असे म्हटले की चष्म्याच्या रांगेत उभे करतात. 'एच.सी.क्यू. चालू आहे, पडदा तपासायचा आहे' असे म्हणावे आणि गोळ्यांचे पाकीट दाखवावे. पाकिटावर नाव वाचून घ्यावे. त्यावर हायड्रॉक्सि हा शब्द नसून नुसते क्लोरोक्वीन असेल, तर ते औषध डोळ्याला अधिक कडक आहे, त्याची मर्यादा निम्म्याहूनही कमी आहे, आणि ते वर्षानुवर्षे चालू असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

मावशींच्या मुलाने शंभर पानांची एक वही केली आहे. पहिल्या पानावर आईचे, दुसऱ्यावर भाचीचे. गोळी कोणत्या साली सुरू झाली, रोज किती, वजन किती, क्रिएटिनीन किती, डोळे कधी तपासले. वजन दर सहा महिन्यांनी बाजार समितीच्या काट्यावर करायचे, असे त्याने ठरवले आहे. धान्याच्या काट्यावर माणूस तोलता येतो का, यावर बरेच हसणे झाले. हमाल म्हणाले, येतो, फक्त पोत्याचे वजन वजा करायचे नाही.

परवा मावशींचा निरोप आला. सहा महिन्यांनंतरची फील्ड झाली. काळी कमान आहे तेवढीच आहे. मधला भाग मोकळा आहे. विहारात त्या आता ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून वाचतात. एक ओळ संपली की पट्टी खाली सरकवतात.